बाबांची एल५-एस१ ची गादी सरकली आहे, ऑपरेशन लगेच करावं का? (इंदूर)

रामबागची_लेक: बाबा ५४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी गॅसची टाकी उचलताना कमरेत चमक भरली. आता उजव्या कुल्ह्यापासून पोटरीतून करंगळीपर्यंत कळ जाते, रात्री झोप नाही. एमआरआयमध्ये 'एक्सट्रूजन, एस१ नस दबलेली' असं आलंय. एका सर्जननी याच आठवड्यात ऑपरेशन सांगितलं. दुसरं मत कुठे घ्यावं?

सुदामानगरचे_काका: घाई करू नका, बहुतेकांचं आपोआप बसतं. बाबांना महिनाभर फळीवर पूर्ण झोपवून ठेवा.

मंजिरी_फिजिओ: काका, थांबायचं हे बरोबर, पण झोपवून ठेवणं नको. दुखणं फार असेल तर एक-दोन दिवस आडवं राहू दे, नंतर घरातल्या घरात थोडं थोडं चालणंच बरं.
ताई, 'एक्सट्रूजन' वाचून घाबरू नका. गादीच्या आतला गर बाहेर आला की शरीराला तो परका वाटतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात, पेशी तो हळूहळू खातात. म्हणून नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा असा बाहेर पडलेला तुकडा जास्त वेळा आक्रसतो. शिवाय कळ फक्त दाबाची नसते, नसेभोवतीच्या सुजेचीही असते आणि ती आधी उतरते. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो. कळ पायातून वर सरकत कमरेपुरती उरली तर कमर दुखत असली तरी ते चांगलं लक्षण.
नेदरलँड्समध्ये २००७ साली लवकर ऑपरेशन आणि थांबणं यांची तुलना झाली होती. ऑपरेशनने आराम लवकर पडला, पण वर्षभरानंतर दोन्ही गट सारखे होते. थांबलेल्यांपैकी साधारण ४० टक्क्यांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं.
दोन गोष्टी मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडली, किंवा गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर रात्र असली तरी लगेच इमर्जन्सीत न्या. आणि पायाची ताकद कमी होत चालली असेल तर. भिंतीला हात टेकून एकेका पायाच्या चवड्यावर वर-खाली करायला लावा आणि मला कळवा.

प्रमिला_वडोदरा: माझ्या सासूबाईंचे दोन्ही पाय थोडं चाललं की भरून येतात, बसलं की बरं वाटतं. त्यांचाही तुकडा आक्रसेल का?

मंजिरी_फिजिओ: प्रमिलाताई, हे वर्णन मणक्यातली वाट अरुंद होण्याचं वाटतं, त्याला हा नियम लागू नाही. पायांचा रक्तपुरवठाही तपासून घ्या. वेगळा धागा काढा ना.

रामबागची_लेक: केलं. डाव्या पायावर दहा वेळा सहज झालं, उजव्यावर चौथ्यांदा टाच उचललीच नाही. लघवी ठीक आहे.

मंजिरी_फिजिओ: म्हणजे पोटरीत अशक्तपणा आहे. मग तुमच्या सर्जनचं म्हणणं झटकून टाकता येणार नाही. एमवाय हॉस्पिटलच्या ऑर्थो ओपीडीत उद्याच दाखवा. नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी न्या आणि हे आकडे सांगा.

सुदामानगरचे_काका: तीन वेळा होतंय ना? दोन आठवडे बघून वाढलं तरच करावं, असं मला वाटतं.

मंजिरी_फिजिओ: काका, यावर सर्जनांमध्येही मतभेद आहेत. पण ताकद घटतेय की तेवढीच आहे, हे कोणीतरी हाताने तपासल्याशिवाय मी थांबा म्हणणार नाही.