अनुभव सांगा: मशीनमध्ये रिठे किंवा साबणाची वडी वापरून पाहिलीत का?

गेले चार महिने फ्रंट लोड मशीनमध्ये मी पावडर बंद करून धुण्याच्या साबणाचा कीस वापरते आहे. दोन मोठे चमचे कीस मगभर कढत पाण्यात विरघळवायचा आणि थेट ड्रममध्ये ओतायचा. पहिला महिना कपडे छान निघाले. मग टॉवेल अंग पुसेनासे झाले. काल वाळलेल्या टॉवेलवर चमच्याने पाणी सोडलं, तर थेंब आत न जिरता मण्यांसारखे वर उभे राहिले. दाराच्या रबराच्या घडीत पांढरट, चिकट साय सापडली. आमचं पाणी बोअरचं आहे. रिठ्यांनी हे टळेल का? तुमचे अनुभव हवे आहेत.

*

ती साय म्हणजे न विरघळणारा साबणच आहे. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की त्याचा चुन्यासारखा साका होतो. हाताने धुताना तो बादलीबरोबर ओतला जातो. मशीन मात्र थोड्याशा पाण्यात कपडे घोळवत राहतं, म्हणून साका धाग्यांत आणि ड्रमच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला बसतो. पुढे त्यावरच बुरशी धरते आणि कुबट वास येतो. पाणी तपासायचं असेल तर झाकणाच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला नाही आणि पाणी दुधाळ झालं, तर ते जड आहे. रिठ्यातल्या फेसाळ द्रव्याचा असा साका होत नाही, एवढा त्याचा फायदा खरा.

*

आम्ही सहा वर्षं वडीच किसून घालतो, टॉप लोडमध्ये. पाणी तुमच्यासारखंच जड आहे, तरी साय वगैरे काही नाही. तुमची वडी बदलून बघा.

*

वरच्या दादांनी वडीचं वेष्टण एकदा वाचावं. बऱ्याच वड्या दिसायला साबण असल्या तरी असतात डिटर्जंटच्या. तशी असेल तर साका होणार नाही, पण मग पावडर सोडली असंही म्हणता येणार नाही. आणि फ्रंट लोडमध्ये ती जपून वापरावी. आमच्याकडे फेस इतका झाला की पडद्यावर SUD आलं आणि मशीन पाणी सोडेना.

*

शेवटच्या खळबळीत पांढरं व्हिनेगर घाला, टॉवेल मऊ होतात. मी तेच करते.

*

ताई, व्हिनेगरने साका सुटतो हे बरोबर, पण शेवटी घालू नका. आम्ल साबणाचं परत तेलकट मेणात रूपांतर करतं आणि ते कापडातच राहतं. आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, खळबळा आणि मग गरम पाण्यात डिटर्जंटने धुवा.

*

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलाच्या अंगावर पुरळ यायचं म्हणून मी रिठे सुरू केले. पाच-सहा फोडी सुती पिशवीत घट्ट बांधून ४० अंशांवर धुते. पुरळ गेलं. पण त्याच सुमारास मी एक जादा खळबळही लावू लागले होते, त्यामुळे गुण नेमका कशाचा आला ते कळत नाही. पिशवी एकदा सुटली आणि फोडींचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकले, तेव्हापासून दुहेरी गाठ मारते.

*

मी एक साधा प्रयोग केला. एकसारखे मळलेले दोन शर्ट घेतले. एक रिठ्याच्या काढ्यात धुतला, दुसरा नुसत्या गरम पाण्यात. घामाचा वास दोन्हींचा गेला. कॉलरची काळी रेघ दोन्हींवर तशीच राहिली. तेलाचा डाग रिठ्याने फिका झाला, पण निघाला नाही. पांढरे बनियन सहा-सात धुण्यांत पिवळट पडले. रेशमी साड्या आणि लोकरी स्वेटर मात्र मी आता रिठ्यातच धुते, कारण त्यांना सोड्याचा तिखटपणा सोसत नाही. काढा चार दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच उकळावा.

*

धागाकर्ती: बाटली हलवून पाहिली. पाणी दुधाळ झालं आणि फेस क्षणात बसला. काल सगळे सुती टॉवेल आधी व्हिनेगरच्या पाण्यात तासभर भिजवून खळबळले. मग ६० अंशांवर डिटर्जंट आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून धुतले. मशीनच्या दारातून पाहिलं, तर पहिलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं. दुसऱ्यांदा तसंच धुतल्यावर पाणी स्वच्छ दिसलं. आज चमच्यातलं पाणी चटकन जिरलं. रिकामं मशीनही सर्वांत गरम पाण्यावर डिटर्जंट घालून फिरवलं, तरी रबराच्या खालच्या घडीचा वास पूर्ण गेलेला नाही. किसाचा उरलेला डबा आता हाताने धुवायच्या कपड्यांसाठी ठेवला आहे. ड्रमच्या मागची बाजू मशीन न उघडता कोणी साफ केली असेल, तर कशी ते लिहा.