तक्त्यातले संदर्भ क्रमांक

“प्रबंधावरून लेख करताना तक्ते नियमाप्रमाणे शेवटी नेले, तर त्यांतले संदर्भ १२, १३, १४ चे थेट ३१, ३२, ३३ झाले. असेच पाठवू का?”

ताई, असे पाठवू नका. व्हँकुव्हर पद्धतीत फक्त तक्त्यात येणाऱ्या संदर्भांना, तो तक्ता मजकुरात प्रथम जिथे उल्लेखला आहे त्या जागेनुसार क्रमांक मिळतात. म्हणजे ११ व्या संदर्भानंतर ‘तक्ता २’ असा उल्लेख असेल, तर तक्त्यातले तीन संदर्भ १२ ते १४ आणि मजकुरातला पुढचा नवा संदर्भ १५. ही उडी चूक वाटते, पण तीच बरोबर आहे. झोटेरो हे संदर्भांचे सॉफ्टवेअर मात्र फाइलमधली प्रत्यक्ष जागा पाहून क्रमांक देते. इथे इंदुरात भाचीच्या एमडीच्या प्रबंधाचा लेख करताना आम्ही तक्ता उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच ठेवला, सर्व दुरुस्त्या संपल्यावर फाइलची प्रत काढली, त्या प्रतीत `Unlink Citations` केले आणि मगच तक्ता कापून शेवटी नेला. त्यानंतर क्रमांक साधा मजकूर होऊन आपोआप बदलत नाहीत, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. परीक्षकांनी एखादा संदर्भ वाढवायला सांगितला, तर काम तिच्यातूनच पुन्हा करावे लागते.