डॉलरमधल्या जाहिराती: खर्च खरंच वाढला की चलन घसरलं?

जमाखर्च: आम्ही माल डॉलरमध्ये विकतो, ऑनलाइन जाहिरातींचं बिलही डॉलरमध्येच येतं. 2019 मध्ये 20,000 डॉलरला 400 चौकश्या आल्या, 2023 मध्ये 30,000 ला 500. वह्या मात्र घरच्या चलनात. 2019 मध्ये डॉलर 70 ला होता, 2023 मध्ये सरासरी 82 ला. म्हणजे एक चौकशी 3,500 वरून 4,920 वर गेली. चार वर्षांची आमच्याकडची महागाई, 26 टक्के, काढून टाकली तरी 12 टक्के वाढ उरतेच. जाहिराती बंद कराव्यात असं माझं ठाम मत झालंय. कुणाला वेगळं वाटतं का?

टिपणवही: मला वाटतं. आधी डॉलरमध्येच बघा: चौकशी 50 वरून 60 वर गेली. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक 2019 मध्ये सरासरी 255.7 होता, 2023 मध्ये 304.7. म्हणजे तिकडचे भावच 19 टक्क्यांनी वाढले. 60 ला 1.19 ने भागलं की 50 च्या जरा वर येतात. तुमची चौकशी होती तिथेच आहे.

मग ते 12 टक्के कुठून आले? डॉलर तुम्हाला 17 टक्के महाग पडला, शिवाय तिकडची महागाई 19 टक्के. दोन्ही मिळून तुमच्या 26 टक्क्यांच्या पुढे गेले, तो फरक तुम्ही जाहिरातीच्या नावावर टाकलात. विक्रीचे डॉलरही 82 नेच जमा झाले ना? खर्चाला नवा दर लावायचा आणि जमेकडे बघायचंच नाही, हे बरोबर नाही.

सरळरेषा: मी दोन्ही परिणाम काढून टाकतो. 60 डॉलर जुन्याच 70 च्या दराने धरले की 4,200. त्यातून 26 टक्के महागाई काढली की 3,333. म्हणजे चौकशी उलट स्वस्त झाली!

टिपणवही: दर गोठवलात ते ठीक, पण मग तो आकडा डॉलरचाच राहिला, फक्त 70 ने गुणलेला. त्याला घरची महागाई लावता येत नाही, तिकडचीच लावावी लागते. घरच्या महागाईने भागायचं असेल तर त्या त्या वर्षीचाच दर घ्या. ही जोडी मोडली की एकाच बिलातून कधी वाढ निघते, कधी घट.

गोदाम: मुळात ग्राहक निर्देशांक का लावायचा? त्यात घरभाडं आहे, किराणा आहे. आपला त्याच्याशी काय संबंध? माझ्या मालाचा भाव डॉलरमध्ये किती वाढला, तेवढंच मी बघतो. समजा दहा चौकश्यांत एक ऑर्डर मिळते. 2019 मध्ये ऑर्डर 10,000 डॉलरची, तिच्यामागे जाहिरात 500, म्हणजे 5 टक्के. 2023 मध्ये ऑर्डर 10,500 ची आणि जाहिरात 600, म्हणजे 5.7. ना विनिमय दर लागला, ना निर्देशांक, आणि जाहिरात जास्त खाते हेही कळलं. चौकशी ‘होती तिथेच’ म्हणणं मला पटत नाही.

टिपणवही: बंद करायची की नाही हे ठरवायला तुमची टक्केवारी जास्त उपयोगी, हे मान्य. पण तुम्ही भाव वाढवू शकला नाहीत तर तीच टक्केवारी बिघडते आणि बोल जाहिरातीला लागतो. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी ठेवतो.

निळी_शाई: आमचं गणित यात बसत नाही. आम्ही युरोत विकतो आणि जाहिराती डॉलरमध्ये घेतो. 2021 मध्ये युरो सरासरी 1.18 डॉलरचा होता, 2022 मध्ये 1.05 चा. तेवढ्याच डॉलरच्या जाहिराती युरोत 12 टक्के महागल्या, प्लॅटफॉर्मने भाव न वाढवता. टक्केवारी काढली तरी दर मध्ये येतोच. शिवाय आम्ही डॉलरचं फॉरवर्ड कव्हर घेतलं होतं, म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा दर आधीच ठरवून ठेवला होता. मग जाहिरात कव्हरच्या दराने धरायची की बाजाराच्या?

टिपणवही: बाजाराच्या. कव्हरचा नफा-तोटा वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर कव्हर चांगलं पडलं म्हणून वाईट मोहीमही चांगली दिसेल.

गोदाम: कव्हर जाहिरातीच्या बजेटसाठीच घेतलं असेल तर तोच खरा खर्च. पैसे त्याच दराने गेले ना!

जमाखर्च: काल कार्डाची विवरणपत्रं काढून बसलो. 2023 चा निम्म्याहून जास्त खर्च शेवटच्या तीन महिन्यांतला निघाला, आणि तेव्हा डॉलर 83 च्या वर होता. प्रत्येक बिलाच्या दरात बँकेने आपला अधिभारही मिसळलाय. म्हणजे माझा सरासरी 82 आधीच खोटा होता. आता महिन्यामहिन्याचे डॉलर त्या त्या महिन्याच्या बाजारदराने मांडतोय आणि अधिभार बँक खर्चात टाकतोय.

पण मालाचा भाव 2019 पासून एकदाच वाढवलाय, तोही 4 टक्के. गोदाम म्हणतात तसं बघितलं तर माझं अवघड आहे. जाहिराती तूर्त थांबवत नाही. आधी गिऱ्हाइकाशी भावाचं बोलतो.