पाच लाख भरतोय, हप्ता कमी करू की मुदत?

संदीप, गोकुळ शिरगाव: फुलेवाडीत फ्लॅट घेतलाय. कर्ज 25 लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के फ्लोटिंग, अजून 15 वर्षं, हप्ता 24,618. गावाकडच्या जमिनीतनं वाट्याला 5 लाख आलेत, सगळे कर्जात भरणार. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या हप्ता कमी करायचा की मुदत ते अर्जात लिहून द्या. व्याज जास्त कशात वाचतं?

सुप्रिया, रंकाळा: मुदत, दुसरा विचारच करू नका. मी आत्ताच मोबाईलवर हिशोब घालून बघितला. हप्ता कमी केलात तर तो 19,695 होतो पण 15 वर्षं तशीच राहतात आणि इथनं पुढं व्याज जातं 15 लाख 45 हजार. हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी केलीत तर कर्ज 122 हप्त्यात संपतं, म्हणजे दहा वर्षं दोन महिने, आणि व्याज जातं 9 लाख 88 हजार. साडेपाच लाखाचा फरक आहे हो! बँक सुरवातीच्या वर्षात व्याज आधी काढून घेते आणि हप्ता कमी केला की ते चक्र परत पहिल्यापासनं सुरू होतं, म्हणून असं होतं.

पिंट्या, उचगाव: आधी पेनल्टी किती लागणार ते विचार भावा. मी गाडीचं लोन लवकर फेडलं तर चार टक्के कापून घेतले, वाचलेलं व्याज सगळं त्यातच गेलं.

निवृत्त बँकवाला: पिंट्या, ते गाडीचं कर्ज झालं. स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला बँक असा दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेनं 2012 सालीच ते बंद केलंय. संदीपला ती काळजी नाही.

सुप्रियाताई, तुमचे आकडे बरोबर आहेत, कारण चुकलंय. बँक व्याज आधी काढून घेत नाही, त्या महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच आकारते. पाच लाख भरल्यावर 20 लाख राहिले, त्याचं पुढच्या महिन्याचं व्याज 14,167 रुपये, संदीपनं अर्जात काहीही लिहिलं तरी तेवढंच. फरक पडतो तो उरलेल्या पैशात. 24,618 भरले तर त्यातले 10,451 मुद्दलात जातात, 19,695 भरले तर फक्त 5,528 जातात. म्हणजे मुदत कमी करणारा माणूस दर महिन्याला 4,923 रुपये जास्त भरतोय आणि ते साडेपाच लाख त्या जास्तीच्या पैशामुळं वाचतायत, अर्जावरच्या खुणेमुळं नाही.

आता उलटं करून बघा. हप्ता कमी करून घ्या, 19,695 कापू द्या आणि राहिलेले 4,923 दर महिन्याला स्वतःहून मुद्दलात भरा. कर्ज त्याच 122 व्या महिन्यात संपतं आणि व्याजही तेवढंच जातं. फक्त एक ध्यानात ठेवायचं, दर वेळी पार्ट पेमेंट केलं की बँक हप्ता अजून थोडा खाली आणते, तेव्हा आपला आकडा 24,618 वरच धरून ठेवायचा, हप्ता उतरेल तशी वरची रक्कम वाढवायची.

शाहूपुरी दुकानदार: काका बोलले ते मी भोगलंय. 2018 ला माझ्याकडं तीन लाख आले होते, सगळ्यांनी सांगितलं मुदत कमी कर, मी केली, हप्ता 31 हजार तसाच ठेवला. 2019 च्या ऑगस्टला पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं, खालच्या दोन फळ्यांवरचं सगळं कापड गेलं, वरचं वाचलं पण त्यालाही वास, ते कोण घेणार. महिनाभर गल्ला उघडला नाही आणि हप्ता मात्र पाच तारखेला बरोब्बर आला. दोन हप्ते बाउन्स झाले, वर त्याचे चार्जेस, आणि बँकेत जाऊन मुदत वाढवून मागितली तर परत सगळी कागदपत्रं आणा, उत्पन्नाचा दाखला आणा म्हणाले. ते तीन लाख भरताना मी हप्ता कमी केला असता तर त्या दोन महिन्यात तेवढं तरी हलकं झालं असतं, आणि धंदा चांगला असताना वरचे पैसे मी भरलेच असते. ज्याची कमाई एकसारखी नाही त्यानं हप्ता बांधून घेऊ नये.

सुप्रिया, रंकाळा: काका, कारण समजलं, मला खरंच वाटत होतं की बँक आधी व्याज खाते. पण मी माझ्या मतावर आहे. वरचे 4,923 दर महिन्याला स्वतःहून भरणारा माणूस मी तरी बघितला नाही. आमच्या घरी हेच झालं, हप्ता सहा हजारानं कमी करून घेतला, पहिले तीन महिने नेमानं भरले, मग दिवाळी आली, मग मुलाच्या क्लासची फी, मग ते बंदच पडलं. चार वर्षांनी स्टेटमेंट काढलं तर मुद्दल जवळजवळ तिथंच. हप्ता आपोआप कापला जातो तीच त्याची ताकद आहे. दुकानदार दादांचं वेगळं आहे, संदीपचा पगार दर महिन्याला येतो.

शाहूपुरी दुकानदार: एमआयडीसीतल्या पगाराची एवढी खात्री धरू नका ताई. ऑर्डर कमी झाली की फौंड्रीत आठवड्याला तीन शिफ्टवर आणतात, माझा मेव्हणा शिरोलीत आहे, बघतोय मी.

संदीप, गोकुळ शिरगाव: आमच्याकडं तसं झालेलं आहे, ओव्हरटाईम बंद होता सहा महिने. काका, मी आज बँकेच्या ॲपवर बघितलं, पार्ट पेमेंट एका हप्त्यापेक्षा कमी घेत नाही असं दाखवतंय. मग दर महिन्याला 4,923 भरणार कसे?

निवृत्त बँकवाला: मग वेगळ्या खात्यात साठव आणि चार महिन्यांनी एकदम भर, 4,923 चौक म्हणजे 19,692, तीन रुपये कमी पडतील तेवढे घाल. तीन महिने थांबल्यानं दर खेपेला साधारण दोनशे रुपये व्याज जास्त जाईल, त्यातलंही थोडं बचत खात्यावर परत मिळेल. त्या मोबदल्यात अडचणीच्या महिन्यात पाच हजार हातात राहतात.

त्यापेक्षा मोठा घोटाळा दुसरीकडं होतो, तिकडं लक्ष दे. पाच लाख भरल्यावर ते मुद्दलात गेले का हे तपास. माझ्या नोकरीत असे अर्ज बघितलेत की ग्राहकानं पैसे कर्ज खात्यात टाकले पण अर्ज दिला नाही, आणि ते पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहिले. स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या महिन्याच्या व्याजाची ओळ बघ. 14,167 च्या आसपास असेल तर काम झालं, 17,700 दिसलं तर मुद्दल 25 लाखच धरलंय, त्याच दिवशी शाखेत जा. आणि हप्त्यांचं नवीन वेळापत्रक मागून घे, तू लिहिलंस एक आणि सिस्टीममध्ये पडलं दुसरं असंही होतं.

सुप्रिया, रंकाळा: वेगळं खातं म्हणजे परत हात घालायची जागाच झाली ना. संदीप, तुमच्या घरात पैशाला हात कोण लावतं ते आधी बघा, मग ठरवा.

संदीप, गोकुळ शिरगाव: बायको म्हणते मुदत कमी कर, मला दुकानदार दादांचं पटतंय. आर्धं आर्धं होतं का काका, म्हणजे हप्ता 22 हजारावर आणायचा आणि मुदतही थोडी कमी?

निवृत्त बँकवाला: होतं. 22 हजाराचा हप्ता धरला तर 20 लाख साधारण 12 वर्षात फिटतात. सगळ्या शाखा लगेच करून देतीलच असं नाही, पण अर्जात हप्त्याचा आकडा स्पष्ट लिहून दे आणि पोच घे.

पिंट्या, उचगाव: मग माझ्या गाडीचे चार टक्के परत मागता येतात का आता?