मदत हवी आहे: विक्रीच्या चार्टला निष्कर्ष सांगणारं शीर्षक कसं द्यायचं?

तिमाहीवाली

नमस्कार मंडळी,

मी विक्री विभागाचा तिमाही रिपोर्ट करते. त्यातल्या चार्टची शीर्षकं आतापर्यंत 'विभागनिहाय मासिक विक्री, जानेवारी ते मार्च' अशा धाटणीची असायची. नवीन साहेबांचं म्हणणं आहे की अक्षांवर काय आहे ते चार्टवर दिसतंच, शीर्षकाने चार्टमधून काय निघालं ते सांगावं. मला ते पटलंय, पण लिहायला बसलं की अडतं.

उदाहरण म्हणून एक चार्ट घेते. विक्री हजार नगांत, आधी मागच्या वर्षीची हीच तिमाही आणि मग यंदाची:

उत्तर ४२ → ४०
दक्षिण ३५ → ३४
पूर्व २८ → २७
पश्चिम ४५ → ५८
एकूण १५० → १५९

सध्या हा लाइन चार्ट आहे. मागच्या जानेवारीपासून यंदाच्या मार्चपर्यंत चार विभागांच्या चार रेषा. मी आधी 'यंदा विक्रीत चांगली वाढ' असं लिहिलं, तर साहेबांनी विचारलं, चांगली म्हणजे किती आणि कशाच्या तुलनेत? मग 'पश्चिमेची विक्री वाढली, इतर विभागांची घसरली' असं केलं. त्यावर पूर्व विभागाच्या मॅनेजरांचा फोन आला: आमचे जेमतेम हजार नग कमी झालेत, त्याला घसरण म्हणता?

तर नेमकं काय लिहावं? आणि कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता लिहिता येईल का?

सरळरेघ

सोपं आहे. शीर्षकात एक क्रियापद आणि एक आकडा हवाच. 'एकूण विक्री ६ टक्क्यांनी वाढून १ लाख ५९ हजार नगांवर'. जमलं तर कारणही त्यातच घाला, म्हणजे मीटिंगमध्ये पुढचा प्रश्न येतच नाही. पश्चिमेत या तिमाहीत जाहिरात मोहीम वगैरे होती का? असेल तर 'जाहिरातीमुळे पश्चिमेत विक्री २९ टक्के वर'. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

रंगरेषा

अक्षांची नावं काढून टाकू नका हो! आमच्याकडे एकाने असंच केलं, नंतर आकडे नगांचे की रकमेचे यावरच चर्चा रंगली. उभ्या अक्षाचं नाव आडवं लिहिलं तर वाचायला मान वाकडी करावी लागत नाही, तेही बघा.

तिमाहीवाली

रंगरेषा, अक्षांची नावं तशीच ठेवणार आहे, माझा प्रश्न फक्त वरच्या शीर्षकाचा आहे. सरळरेघ, जाहिरात मोहीम होती खरी, पण ती चारही विभागांत होती.

आकडेमोड

मग 'जाहिरातीमुळे' हा शब्द तिथेच बाद झाला. मोहीम चारही ठिकाणी होती आणि वाढ एकाच ठिकाणी दिसते. आणि मोहीम फक्त पश्चिमेत असती तरीही तो शब्द या चार्टच्या शीर्षकात बसला नसता, कारण चार्टवर विक्री आहे, जाहिरात कुठेच नाही. मी एक कसोटी लावतो. शीर्षकातल्या प्रत्येक दाव्यासाठी चार्टवर बोट ठेवता आलं पाहिजे. 'चांगली' यावर बोट ठेवता येत नाही. 'जाहिरातीमुळे' यावरही नाही. '६ टक्के वाढली' यावर ठेवता येतं, पण चार्टवर एकूण विक्री काढलेली असेल तरच.

इथेच तुमची खरी अडचण आहे. तुमच्या चार्टवर चार वेगवेगळ्या रेषा आहेत, एकूण नाहीच. वाचणाऱ्याने महिन्यामहिन्याला चार रेषांची बेरीज मनातल्या मनात करायची, मग ती मागच्या वर्षीच्या बेरजेशी ताडायची, तेव्हा कुठे ६ टक्के हाती लागणार. कोणी करत नाही. शीर्षक एक सांगतं आणि चित्र भलतंच दाखवतं, असं झालं की माणसं शीर्षकावर विश्वास ठेवणं सोडतात.

म्हणून आधी शीर्षक नक्की करा आणि मग चार्ट त्याला शोभेल असा बदला. तुमच्या आकड्यांत मला दिसतं ते असं: एकूण ९ हजार नग वाढले. त्यात पश्चिमेचे १३ हजार वर आणि बाकी तिघांचे मिळून ४ हजार खाली. म्हणजे पश्चिम बाजूला काढली तर विक्री १०५ वरून १०१ हजारांवर आलेली आहे. यासाठी रेषा नकोतच. चार विभागांचे फरक दाखवणारे चार बार काढा: उणे २, उणे १, उणे १, अधिक १३. शून्याची रेघ मध्ये. शीर्षक 'तिमाहीतली सगळी वाढ पश्चिमेतून. बाकी तीन विभाग किंचित खाली'. जुनं वर्णनपर शीर्षक फेकू नका, ते बारीक अक्षरात खालच्या ओळीत घाला: 'विक्रीतला फरक, हजार नग, जानेवारी ते मार्च, मागच्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत'. साहेबांच्या 'कशाच्या तुलनेत?' चं उत्तर तिथे मिळतं आणि वरची ओळ मोकळी राहते.

पूर्व विभागाच्या मॅनेजरांचं म्हणणं मात्र रास्त असू शकतं. मागच्या सात-आठ तिमाहींचे पूर्वेचे आकडे काढून बघा. तिथे दर तिमाहीला हजार-दोन हजार नग इकडेतिकडे होतच असतील, तर २८ चे २७ होणं ही घसरण नाही, नेहमीची हालचाल आहे. तसं असेल तर त्यांच्यासाठी 'जवळपास तेवढीच' हा शब्द खरा. उत्तरेचं वेगळं तपासा, तिथे ४२ चे ४० म्हणजे जवळपास ५ टक्के जातात.

आणि छापण्याआधी पश्चिमेचे तिन्ही महिने सुटे करून बघा. एका विभागात एवढी उडी आणि इतरत्र काहीच नाही, हे मला खटकतंय.

डॅशबोर्डकर

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण इथेच विचारतो. आमचा रिपोर्ट दर महिन्याला आपोआप ताजा होतो. शीर्षकात निष्कर्ष लिहिला की पुढच्या महिन्यात आकडे बदलतात आणि वर तेच जुनं 'विक्री वाढली' राहतं. मग वर्णनपर शीर्षकच बरं नाही का?

आकडेमोड

एक्सेलमध्ये असाल तर शीर्षक सेलला जोडता येतं. चार्टचं शीर्षक निवडा, फॉर्म्युला बारमध्ये हे टाइप करा आणि एंटर दाबा:

```
=Sheet1!$B$5
```

शीर्षकाला फक्त सेलचा पत्ता चालतो, सगळा फॉर्म्युला थेट तिथे लिहिता येत नाही. म्हणून वाक्य B5 मध्ये तयार करायचं. B3 मध्ये बदलाचं प्रमाण आहे असं धरून:

```
="एकूण विक्री "&IF(ABS(B3)<0.02,"जवळपास तेवढीच",TEXT(ABS(B3),"0%")&IF(B3>0," वाढली"," घटली"))
```

मधली २ टक्क्यांची अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर ०.३ टक्के बदलालाही '0% वाढली' असं शीर्षक येतं. ही मर्यादा तुमच्या आकड्यांच्या नेहमीच्या चढउतारावरून ठरवा, माझे २ टक्के उचलू नका. पण एवढं ध्यानात ठेवा की फॉर्म्युला दिशा आणि प्रमाण सांगतो, त्यापलीकडे काही नाही. वाढ एकाच विभागातून आली का, हे तो बघणार नाही. त्यामुळे ज्या चार्टवर निर्णय होतात त्यांची शीर्षकं दर महिन्याला माणसानेच लिहावीत.

तिमाहीवाली

आकडेमोड, तुम्ही म्हणालात म्हणून पश्चिमेचे महिने सुटे केले. जानेवारी १५, फेब्रुवारी १६, मार्च २७ हजार. मागच्या वर्षी तिन्ही महिने १५-१५ होते. मार्चमध्ये एका संस्थेची एकगठ्ठा ऑर्डर आहे, १२ हजार नगांची! ती वगळली तर पश्चिम ४६, म्हणजे जवळजवळ मागच्या वर्षीइतकीच. आणि एकूण १४७, म्हणजे २ टक्के कमी. आता शीर्षक पार उलटंच होतंय की.

पूर्वेचं तुम्ही म्हणता तसंच निघालं, दर तिमाहीला हजार-दीड हजार खालीवर. त्यांना 'जवळपास तेवढीच' मध्ये घेते.

फिरतीवर

मी विक्रीत आहे म्हणून बोलतो. ऑर्डर ही ऑर्डर असते. ती आणायला आमच्या माणसांनी कित्येक महिने घातलेले असतात. 'ती वगळता विक्री घटली' असं ठळक अक्षरात छापलं की पश्चिमेच्या टीमने काहीच केलं नाही असा अर्थ निघतो. विक्री ६ टक्के वाढली हे खरं आहे ना? मग तेच लिहा.

आकडेमोड

खरं आहे, पण अपुरं आहे. हा चार्ट बघून पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट कोणी १५९ च्या पायावर ठरवलं आणि ती संस्था दर वर्षी एकदाच खरेदी करणारी निघाली, तर सर्वांत आधी पश्चिमेच्याच टीमला ते जड जाईल. ऑर्डर लपवू नका आणि वगळूही नका. शीर्षकात तिला जागा द्या: 'विक्री ६ टक्के वर, मार्चमधल्या १२ हजार नगांच्या एका ऑर्डरमुळे'. इथलं 'मुळे' मला चालतं, कारण ते निव्वळ गणित आहे. वाढ ९ हजारांची, ऑर्डर १२ हजारांची. फक्त बारमध्ये ती ऑर्डर वेगळ्या रंगात दिसली पाहिजे, म्हणजे बोट ठेवता येईल.

तटस्थ

मला या सगळ्या पद्धतीबद्दलच शंका आहे. निष्कर्ष आधी सांगितला की वाचणारा चार्टमध्ये तेवढंच बघतो. हा-क्युंग काँग आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आहे. वादग्रस्त विषयांवरच्या चार्टना एका बाजूला झुकलेली शीर्षकं दिली, तर वाचकांना मुख्य मुद्दा म्हणून शीर्षकातलीच बाजू दिसली आणि तरीही बहुतेकांना चार्ट निःपक्षपातीच वाटला. आता याच धाग्यात एकाच आकड्यांवरून 'वाढली' आणि 'घटली' अशी दोन्ही शीर्षकं तयार झाली. कुठलं छापायचं हे एकच माणूस ठरवणार.

आकडेमोड

तो धोका मान्य आहे. म्हणूनच तपासायला दिलेल्या आकड्यांना, म्हणजे शेवटी जोडतात त्या तीस-चाळीस चार्टना मी वर्णनपर शीर्षकंच ठेवतो. तिथे निष्कर्ष अजून निघालेला नसतो. पण मीटिंगमध्ये दोन मिनिटं दिसणाऱ्या चार्टला 'विभागनिहाय विक्री' असं नाव दिलं, तर प्रत्येक जण आपापला निष्कर्ष घेऊन बाहेर पडतो आणि कोणाचा कोणता ते कळतही नाही. लिहिलेल्या दाव्याला निदान हरकत घेता येते, पूर्वेच्या मॅनेजरांनी घेतली तशी.

तटस्थ

हरकत घेणारा मीटिंगमध्ये असेल तरच. असो.

तिमाहीवाली

सगळ्यांचे आभार. सध्या हे ठरवलंय. शीर्षक: 'विक्री ६ टक्के वर, मार्चमधल्या १२ हजार नगांच्या एका ऑर्डरमुळे'. खालच्या ओळीत: 'विक्रीतला फरक, हजार नग, जानेवारी ते मार्च, मागच्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत, ऑर्डर वगळता एकूण उणे ३'. चार बार, पश्चिमेच्या १३ मधले १२ गडद रंगात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. उत्तरेचे २ हजार नग खरोखरच गेलेत, तिथला नेहमीचा चढउतार हजाराच्या आतला आहे. पण या शीर्षकात उत्तरेचं नाव कुठेच येत नाही. त्यासाठी वेगळा चार्ट करू की याच शीर्षकाला शेपूट जोडू? दोन निष्कर्ष एका ओळीत घातले की वाक्य लांबतं आणि साहेब पहिला अर्धाच वाचतात.

सरळरेघ

वेगळा चार्ट. उत्तरेची आठ तिमाहींची एकच रेषा काढा, 'उत्तरेची विक्री ४० हजार नगांवर, नेहमीच्या चढउतारापेक्षा जास्त घट'. आणि कारण लिहू नका, ते मी मागे घेतो.