११ मे २०२३ चा निकाल एक, मथळे दोन: शब्दांवरून कल ओळखता येतो का?

कडू_कारले: महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाच्या दोन-तीन पानांवरच्या बातम्या शेजारी ठेवून 'बघा, हे विकले गेलेत' असं सांगणारे विद्वान हल्ली फार झालेत. निकाल एकच होता, शिंदे सरकार टिकलं. ते कुणी कुठल्या शब्दांत लिहिलं याचा कीस काढून काय मिळतं? शब्द मोजून पक्षपात कळतो हे निव्वळ थोतांड आहे.

माजी_डेस्क: उत्तर द्यायचं नव्हतं, पण 'निकाल एकच होता' वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं डेस्कवर मथळे लावलेत. त्या दिवशी घटनापीठाने एकाच निकालपत्रात बऱ्याच गोष्टी सांगितल्या. बहुमत चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता. शिंदेंच्या बाजूच्या गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांना परत बसवता येत नाही. शिंदेंना पाचारण करणं योग्य. १६ आमदारांच्या अपात्रतेचं अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं. आता हे दोन मथळे घ्या. मीच बनवलेत, कुणाचे उचललेले नाहीत.

'राजीनामा दिल्यामुळे ठाकरेंचे पुनरागमन नाही. शिंदे सरकार कायम.'

'राज्यपाल चुकले, प्रतोदाची निवड बेकायदा. तरीही शिंदे सरकार कायम.'

दोन्हींत खोटं एक अक्षर नाही. पण पहिल्यातल्या 'मुळे'ने सगळा दोष ठाकरेंच्या पदरात टाकला आणि राज्यपाल बातमीतूनच गेले. दुसऱ्यातल्या 'तरीही'ने सरकार म्हणजे चोरीचा माल ठरवला, आणि शिंदेंना बोलावणं योग्य होतं हे निकालातलं वाक्य गिळून टाकलं. लोक 'गद्दार', 'खोके' असले भडक शब्द शोधत बसतात. ते सापडणं सोपं असतं. कल बसतो तो या अव्ययांत.

चाफेकळी: अगदी! मी तर त्या दिवशी एका पानावर 'धक्का' किती वेळा आलं ते मोजलं होतं. ठाकरेंच्या नावापुढेच जास्त. यावरून काय ते कळतंच.

माजी_डेस्क: ताई, यावरून काहीच कळत नाही. मराठी पानावर पाऊस लांबला तरी शेतकऱ्याला धक्का बसतो आणि कांदा उतरला तरी बसतो. 'धक्का', 'दणका', 'ताशेरे' ही आमची डेस्कची खोड. चार अक्षरांत मथळा बसवायचा असला की हात आपोआप तिकडे जातो. तेच पान एरवी किती धक्के देतं हे आधी बघा, मग त्या दिवशीचे मोजा.

काळा_कोट: पानाशी पान लावण्यात मूळचीच गोची आहे. दोन्ही पानं एकच गोष्ट गाळत असतील तर ती तुम्हाला कधीच दिसणार नाही. स्वतःलाच हटवण्याची नोटीस आलेली असताना अध्यक्ष आमदारांच्या अपात्रतेचं ठरवू शकतो का, हा नबाम रेबिया खटल्यातला मुद्दा त्याच निकालात सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. पुढच्या प्रत्येक पक्षफुटीला भिडणारी गोष्ट, पण मी पाहिलेल्या पानांत ती असलीच तर शेवटच्या परिच्छेदात. म्हणून आधी निकालपत्रातले मुद्दे कागदावर उतरवायचे. मग प्रत्येक पानासाठी बघायचं की कुठला मुद्दा मथळ्यात आला, कुठला खाली ढकलला आणि कुठला आलाच नाही. शब्दांकडे त्यानंतर वळावं.

कडू_कारले: म्हणजे वाचकाने चहा पिता पिता निकालपत्र वाचायचं. छान.

काळा_कोट: शेवटी निष्कर्षांची यादी असते साहेब. चहा गार व्हायच्या आत वाचून होते.

गोदाकाठ: आमच्या वस्तीत रस्ता रुंद करायला घरं पाडली तेव्हा एका पानावर आलं 'अतिक्रमण हटवले', दुसऱ्यावर 'संसार उघड्यावर'. आमच्याकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, त्या कुणीच छापल्या नाहीत. आमची बाजू घेणाऱ्यानेही रडणारी म्हातारी छापली, पावती नाही. तेव्हा तुमचं 'तरीही' आणि 'मुळे' चालू द्या.

काळा_कोट: मी तेच सांगतोय की. पावती दोन्हीकडून गायब, मग पानं ताडून ती कशी सापडणार?

गोदाकाठ: आम्हाला ताडायची गरज नव्हती. आमच्या ट्रंकेत होती.

मशाल_मावळा: एवढं सगळं बोललात, मूळ मुद्दा राहिलाच. 'उबाठा' लिहिणारं पान निष्पक्ष असूच शकत नाही. पक्षाचं नाव शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) आहे. बाळासाहेबांचं नाव झाकायला ही शिवी काढली.

ठाणेकर_७: आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण दिल्यावरही 'शिंदे गट' लिहिणारे निष्पक्ष? आयोग मानायचा की नाही?

मशाल_मावळा: आयोगाचं सांगूच नका. ढाल-तलवार घेऊन फिरत होतात तेव्हा बरं 'बाळासाहेबांची शिवसेना' चाललं!

ठाणेकर_७: ते नावही आयोगानेच दिलं होतं, तुमच्या मशालीसारखंच. सोयीचं तेवढं मानायचं.

माजी_डेस्क: दोघेही जरा दमानं घ्या. 'उबाठा' एका स्तंभाच्या मथळ्यात मावतं, पूर्ण नाव मावत नाही, म्हणून कित्येक उपसंपादक ते निमूटपणे लिहितात. तेच सभेत उच्चारलं की टोमणा होतो. म्हणून मथळा सोडा, खाली मजकुरात जा. तिथे जागेची अडचण नसते. तिथेही एका बाजूला पूर्ण नाव आणि दुसरीला आद्याक्षरं किंवा 'गट' असेल, तर संशय घ्यायला जागा आहे.

मशाल_मावळा: संशय? खात्री म्हणा.

चाफेकळी: मग माझं मोजणं वाया गेलं म्हणायचं. ठीक. पण एका दिवसाच्या पानावरून तुमच्या 'तरीही'चा तरी काय भरवसा? तोही घाईत पडला असेल.

माजी_डेस्क: हा प्रश्न मात्र रास्त आहे. घाईत पडतोही. बातमी एजन्सीची, मथळा दुसऱ्याचा, आणि वेबवर तर दुपारपर्यंत तो बदललेलाही असतो. म्हणून एकाच वेळेची पानं ताडावीत, आणि उलट बाजूचा दिवस काढावा. १० जानेवारी २०२४ ला नार्वेकरांनी शिंदेंचीच शिवसेना खरी ठरवली आणि दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही. पहिल्या वाक्यात ते नुसते 'विधानसभा अध्यक्ष' आहेत की 'भाजपचे नार्वेकर' आहेत ते बघा. मग त्याच पानाने मे महिन्यात राज्यपालांना कसं लिहिलं होतं ते बघा. 'राज्यपालांकडून चूक झाली', की 'कोश्यारींनी चूक केली'? ज्या पानावर एका पदाधिकाऱ्याच्या हातून चुका 'होतात' आणि दुसरा त्या 'करतो', ते पान मी बाजूला काढून ठेवतो.

ठाणेकर_७: नार्वेकर भाजपचे आहेत हे खरंच आहे, लिहिलं तर बिघडलं काय?

काळा_कोट: काही नाही. फक्त अध्यक्षाचा पक्ष दर वेळी लिहावा, निर्णय न आवडल्यावरच आठवू नये. निर्णय आवडला की विसरू नये, हेही तितकंच.

कडू_कारले: बरं, थोतांड शब्द मागे घेतो, रिकामटेकडेपणा म्हणतो. दोन दिवसांची पानं, तीही वेळ जुळवून, वर निकालपत्र. एवढं करणारा वाचक आधीच कुठल्या तरी बाजूचा असतो आणि त्याला हवं तेच सापडतं. यावर बोला.

माजी_डेस्क: ते होतंच. त्यावर मला एकच सुचतं. ज्या पानावर तुमचा विश्वास आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. तुमचं कुठलं ते सांगा, आत्ता इथेच लावू या.

कडू_कारले: सांगणार नाही. इथे लगेच शिक्का माराल.

मशाल_मावळा: आम्हाला ठाऊक आहे कुठलं ते.

गोदाकाठ: पावत्यांचं कुणी विचारलंच नाही. असो, पुढच्या तारखेला काळा कोटसाहेब येणार असतील तर कळवा.

काळा_कोट: व्यनि करा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे मात्र आधीच सांगतो. ताब्याला उपयोगी पडते.