तीस पानांचं एक पान: मोगल साम्राज्याचा ऱ्हास

पानभर_पुरे
पाठ्यपुस्तकातलं मोगलांच्या ऱ्हासाचं प्रकरण तीस पानांचं आहे. मी ते एका पानात बसवलं. सार असं: "औरंगजेबाचं धार्मिक धोरण, दक्षिणेतली लांबलेली युद्धं, नंतरचे दुबळे आणि विलासी बादशहा, सरदारांचे कट आणि नादिरशहाची स्वारी. यामुळे साम्राज्य खिळखिळं झालं आणि इंग्रजांनी फायदा घेतला." बाकी एकोणतीस पानं पोटभरू आहेत. कुणाला पटत नसेल तर सांगा, यात नेमकं काय राहिलं?

खडूधूळ
सांगतो. चिडलोय, त्यामुळे लांबेल.

तुमच्या पानातलं "मोगल" खोडा आणि "रोमन" लिहा. औरंगजेब आणि नादिरशहा यांच्या जागी तिकडची दोन नावं घाला. पान जसंच्या तसं चालतंय की नाही? मग ते मोगलांबद्दल काहीच सांगत नाही. दुबळे राजे, विलास, कट हे कुठल्याही बुडालेल्या राज्याला चिकटतं. शिवाय दुबळे बादशहा हे कारण असेल तर १७०७ आधी एकही नालायक माणूस गादीच्या आसपास फिरकला नव्हता असं मानावं लागेल. जहांगीर काय पहाटे उठून हिशेब तपासत बसायचा?

त्या तीस पानांत गाभ्याची पानं सात-आठच असतील, हे कबूल. पण नेमकी तीच तुम्ही कापलीत, कारण ती रुक्ष होती. सरदाराचा पगार कसा निघायचा, ती पानं. बादशहा बहुतेक सरदारांना रोख पैसे देत नसे. अमुक गावांचा सारा तू गोळा कर आणि त्यातून इतके घोडेस्वार बाळग, असा हुकूम असे. त्या गावांतून येणं किती, हा आकडा कागदावर एक आणि प्रत्यक्ष हाती येणारा दुसरा. फरक इतका नेहमीचा होता, की शहाजहानच्या काळापासून कुणाची नेमणूक आठ महिन्यांची, कुणाची सहा महिन्यांची धरत. म्हणजे कागदावर बारा महिन्यांचं येणं आणि हातात सहाचं. घोडी मात्र बाराही महिने दाणा खातात. साम्राज्य तिथे उसवलं. ते एका पानात सांगता येतं, पण त्यासाठी आधी कळावं लागतं.

दहावीची_आई
मुलीला चार कारणं लिहायची असतात, प्रत्येकाला एक गुण. घोड्यांच्या दाण्याला किती गुण मिळतील? पानभर_पुरे, तुमचं पान मी उतरवून घेतलं. धन्यवाद.

खडूधूळ
ताई, प्रश्न गुणांचा नव्हता. पण उतरवलंत ते बरं केलंत. परीक्षेपुरतं चालेल, कारण परीक्षा तशीच आहे.

इनामी_वाडा
खडूधूळ, एवढं लिहिलंत, पण साधं "जहागीर" म्हणा ना! मराठी माणसाला तो शब्द आईच्या दुधाबरोबर कळतो. आमच्या घरी सनद आहे, "पुत्रपौत्रादी" असं स्पष्ट लिहिलंय. आजोबा ती दसऱ्याला पेटीतून काढायचे. सरदाराला जमीन मिळाली की ती पिढ्यानपिढ्या त्याचीच. त्यातून सरदार माजले आणि बादशहाला विचारेनासे झाले. झालं एका ओळीत.

खडूधूळ
हेच! याचसाठी मी तो शब्द टाळला. मराठीत जहागीर म्हटलं की डोळ्यांपुढे वाडा येतो आणि पेटीतली सनद येते. मोगली जहागिरीत जमीन मिळत नसे, फक्त वसुलीचा हक्क मिळे, आणि तोही साधारण तीन-चार वर्षांनी बदलून दुसरीकडे जाई. सरकारी बदलीसारखं. तुमच्या घरात आहे ते इनाम किंवा वतन, त्याची जात वेगळी. "सोपा" म्हणून ओळखीचा शब्द घातला की वाचकाला बरोबर उलटं कळतं. तुमच्या एका ओळीत ते घडलंय. सरदार माजले ते जमीन कायमची होती म्हणून नव्हे. जहागीर कायमची नव्हती, म्हणून असेल तोवर रयतेला पिळून घ्यायचं.

इनामी_वाडा
आमच्या सनदेची जात तुम्ही काढू नका. आणि राजपुतांचं काय? जोधपूर, आमेर ही त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्याच होती. की तिथेही दर तीन वर्षांनी बदली व्हायची?

खडूधूळ
नाही. त्यांच्या मूळ मुलखाला वतन-जहागीरच म्हणत, आणि ती वंशपरंपरेने चाले. मुद्दा बरोबर आहे. मी "बहुतेक" म्हणायला हवं होतं. बाकी विधान मागे घेत नाही.

इनामी_वाडा
एवढं तरी पदरात पडलं. आजोबांना कळवतो.

भीमथडी_तट्टू
तासभर वाचतोय. मोगल बुडाले आणि मराठ्यांचं नाव नाही! पानभर_पुरे यांच्याकडे "दक्षिणेतली युद्धं", जणू औरंगजेब पंचवीस वर्षं हवेशी लढत होता. आणि खडूधूळ यांच्याकडे फक्त घोडी. ती घोडी उपाशी कुणी ठेवली? संताजी-धनाजींनी. सरळ लिहा, मराठ्यांनी मोगल बुडवले. तीन शब्दांत सारांश.

कात्रीवाली
बुडवले? १७५२ च्या करारात अब्दालीपासून बादशहाचं रक्षण करायचं मराठ्यांनी मान्य केलं. १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीत परत आणून बसवलं ते महादजींनी. बुडवणारे असं करतात?

भीमथडी_तट्टू
बादशहा खिशात ठेवायला तो जिवंत लागतो. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन आला, तो काय रक्षणाला?

कात्रीवाली
मग १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंबरोबर दिल्लीला गेले ते कशाला? चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणायला. ज्याला बुडवायचं त्याच्याच शिक्क्याचा कागद कशाला हवा होता? तुमचे तीन शब्द १७०० च्या आसपास थोडे खरे आहेत, १७५२ ला खोटे.

भीमथडी_तट्टू
इंग्रजांनीही १८३५ पर्यंत बादशहाच्या नावाचे रुपये पाडले. त्यांनी पण राखले म्हणायचं का? कात्री घ्या आणि आमचा इतिहास कापत बसा!

दहावीची_आई
म्हणजे मराठ्यांचा उदय हे पाचवं कारण लिहायचं का?

खडूधूळ
भांडण चांगलं चाललंय, पण मुद्दा सुटतोय. मराठे हे वेगळं कारण नाही, पाचवं तर नाहीच. ते त्याच पगाराच्या गोष्टीत बसतात. दक्षिणेतल्या गावावर मोगल सरदाराची नेमणूक, पण चौथाई मराठ्यांची. काही सरदार मराठ्यांशी गुपचूप तडजोड करून मोकळे होत, कारण लढायला घोडीच उरली नव्हती. सारांश करताना कारणांची यादी करायची नसते, एकात एक गुंतवायची असतात. पाच गोष्टी सुट्या ठेवल्या की पान यादी होतं. गुंतवल्या की जागाही वाचते. हे घ्या माझं पान:

"मोगल बादशहा सरदारांना बहुधा रोख पगार देत नसे. ठरावीक गावांचा सारा गोळा करण्याचा हक्क देई, आणि त्यातून सरदाराने घोडेस्वार ठेवायचे. कुणी एका जागी मुळं धरू नयेत म्हणून बहुतेकांची गावं दर तीन-चार वर्षांनी बदलत. त्यामुळे गाव सुधारण्यात सरदाराला रस नसे. १६८१ पासून औरंगजेब मरेपर्यंत दक्षिणेत लढत राहिला. विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. तिकडचे सरदार आणि फुटून आलेले मराठे चाकरीत घ्यावे लागले. मागणारे वाढले आणि द्यायला गावं पुरेनात. जी दिली त्यांतून मराठे चौथाई नेत. पगार हाती येईना, म्हणून सरदारांनी घोडी कमी केली आणि फौज कागदावर उरली. १७०७ नंतर गादीसाठी भांडणाऱ्यांनी पाठिंब्यासाठी गावं वाटून टाकली. मोठ्या सुभेदारांनी दिल्लीकडे हात पसरण्यापेक्षा सुभाच आपला केला: बंगाल, अवध, हैदराबाद. दिल्लीचा वसूल आटला. १७३९ मध्ये नादिरशहा आला, तोवर त्याला अडवायला पैसा नव्हता आणि सरदारांत एकी नव्हती. बादशहाचं नाव मात्र १८५७ पर्यंत राहिलं."

यातलं मोगल खोडून रोमन घालून बघा.

पानभर_पुरे
वाचलं. नाही बसत रोमन. पण जिझियाचं एक वाक्यही नाही? १६७९ मध्ये परत बसवला, त्याच साली मारवाडशी भांडण उकरलं. हे पोटभरू?

खडूधूळ
जिझिया १७१३ मध्ये रद्द झाला आणि घसरण त्यानंतरच जोरात झाली. तो मुख्य असता तर निदान वेग कमी व्हायला हवा होता.

पानभर_पुरे
फुटलेला माठ पाणी ओतायचं थांबवल्यावर सांधतो का? राजपूत दुरावले ते दुरावले. तुम्हाला घोडी आवडतात म्हणून पानात घोडी.

खडूधूळ
हं. दुरावलेले राजपूत म्हणजे गेलेली फौज. तेवढ्यासाठी एक वाक्य द्यावं लागेल. कुठलं काढू ते अजून ठरत नाही.

कात्रीवाली
मी सांगते. "द्यायला गावं पुरेनात" हे काढा, ते वादग्रस्त आहे. दोन श्रीमंत राज्यं जिंकल्यावर गावं कमी कशी पडली? इतिहासकार रिचर्ड्स यांनी गोवळकोंड्याचे कागद तपासून दाखवलं, की गावं होती, पण चांगला वसूल बादशहाने युद्धखर्चासाठी खालशात, म्हणजे थेट सरकारी खजिन्याकडे, राखून ठेवला. म्हणजे टंचाई खरी नव्हती, केलेली होती. याउलट सतीश चंद्र आणि अतहर अली यांची मांडणी टंचाई धरून उभी आहे. तुम्ही एक बाजू घेतलीत आणि वाचकाला ते सांगितलंही नाही. सोप्या भाषेत हा धोका नेहमीचा. "कदाचित" आणि "काहींच्या मते" आधी गळतात.

खडूधूळ
"एक डाळिंब, शंभर आजारी" ही म्हण त्या काळच्या फारसी लिखाणात याच टंचाईबद्दल आली आहे. तिथल्या माणसांना तर ती टंचाईच वाटत होती.

कात्रीवाली
डाळिंब एकच होतं, की बाकीची कोठारात कुलपाखाली होती? आजाऱ्याला दोन्हीकडून सारखंच. सारांश लिहिणाऱ्याला नाही.

खडूधूळ
"द्यायला गावं पुरेनात, किंवा बादशहाने ती दिली नाहीत." पाच शब्द वाढले. जिझियाचं वाक्य आता कसं बसवू?

भीमथडी_तट्टू
मराठ्यांना एकच वाक्य, आणि तेही "नेत" असं चोरासारखं. "वसूल करत" लिहा.

खडूधूळ
बरं, "वसूल करत". अजून एक शब्द वाढला.

दहावीची_आई
पानाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं चालतं का?